कंस गाळू नका

आमच्या विहाराच्या सभागृहात रविवारी वंदना झाल्यावर आरोग्य गटाची बैठक भरते. निवृत्त शिक्षिका, एक परिचारिका, कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली आणि आम्ही दोघे-तिघे, एवढाच हा गट. या बैठकीत आम्ही एक वही ठेवतो. वस्तीत ज्या बंद पाकिटांचा, डब्यांचा खप जास्त आहे त्यांच्यावरची घटकांची यादी मोठ्या अक्षरांत, देवनागरीत त्या वहीत उतरवायची, म्हणजे ज्यांना इंग्रजी येत नाही किंवा बारीक अक्षर दिसत नाही त्यांना ती वाचता येईल, असा हेतू. लोक तिला ‘पाकिटांची वही’ म्हणतात. आज त्या वहीतल्या आमच्याच एका चुकीबद्दल लिहायचे आहे.

वस्तीतल्या एका आयुष्मतीच्या सहा वर्षांच्या मुलाला सिलिअ‍ॅक हा आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. सिलिअ‍ॅक असलेल्याच्या पोटात ते गेले की शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अस्तर झिजते, खाल्लेले अंगी लागत नाही, जुलाब होतात, वजन वाढत नाही. यावर औषधाची गोळी नाही. ग्लुटेन जन्मभर बंद, हाच उपचार. आईने चपाती बंद केली, भाकरी-भात सुरू केला, मूल सावरले. मग एका जाहिरातीतल्या पौष्टिक पेयाचा डबा घरात आला. आईने आमची वही पाहिली. वहीत लिहिले होते, ‘सीरियल एक्स्ट्रॅक्ट, साखर, दुधाचे घनपदार्थ, कोको, जीवनसत्त्वे.’ गव्हाचे नाव नाही, म्हणून तिने रोज दोन वेळा दुधातून ते पेय द्यायला सुरुवात केली. महिन्याभरात मुलाचे पोट पुन्हा बिघडले.

डॉक्टरांनी सांगितले, मूल जे जे खाते ते सगळे घेऊन या. त्यांनी डबा हातात घेऊन फिरवला आणि एका कंसावर बोट ठेवले. ‘सीरियल एक्स्ट्रॅक्ट’ या शब्दांपुढे चौकोनी कंसात दोन नावे होती, मॉल्टेड बार्ली आणि व्हीट फ्लोअर. म्हणजे मोड आणून वाळवलेले जव आणि गव्हाचे पीठ. पुढच्या रविवारी ती आई बैठकीला आली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, “ताई, वहीत गहू नव्हता.”

नव्हताच. कारण आम्ही कंस गाळला होता. डबा गोल, अक्षर जेमतेम एक मिलिमीटर उंचीचे, कंसातला मजकूर डब्याच्या वळणावर गेलेला. उतरवणाऱ्याला वाटले की मुख्य नावे घेतली की झाले, कंसातले बारीकसारीक कशाला? ‘खाली पाहा’ असे सांगणारी, अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची वेगळी ओळही आम्ही घेतली नव्हती, कारण ती यादीच्या खाली, दुसऱ्या बाजूला होती. डब्यावर माहिती होती. ती हरवली आमच्या वहीत.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. यादी जशी छापली आहे तशीच उतरवायची. क्रम बदलायचा नाही, कंस गाळायचा नाही, टक्का गाळायचा नाही, तारा-फुलीसारखी खूणही सोडायची नाही. अर्थ सांगायचा तर समोरच्या पानावर, वेगळा. या नियमाला आमच्यातल्याच काहींचा विरोध होता. “लोकांना एवढे नको असते, खावे की खाऊ नये एवढेच सांगा,” असे त्यांचे म्हणणे. आम्हाला ते पटत नाही. एकाच यादीत मधुमेहाचा माणूस साखर शोधतो, सिलिअ‍ॅकची आई गहू शोधते, मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आयएनएस ५०८, शोधावे लागते. यादी आम्ही आखूड केली तर कोणाचा तरी शब्द गळतो, आणि कोणाचा गळला हे आम्हाला कळतही नाही.

कंस इतका महत्त्वाचा का, हे समजायला यादी कशी बनते ते पाहावे लागेल. आपल्या देशात पाकिटावर काय छापायचे हे अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या लेबलिंगविषयक नियमांनी ठरते. सध्याचे नियम २०२० सालचे आहेत. घटक वजनाच्या किंवा आकारमानाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, जे जास्त ते आधी, असा पहिला नियम. हा क्रम पदार्थ बनवताना घातलेल्या मापाचा असतो. दुसरा नियम कंसाचा. एखादा घटक स्वतःच दोन-तीन गोष्टींपासून बनलेला असेल, तर त्याच्या नावापुढे कंस करून आतल्या गोष्टी त्यांच्या उतरत्या क्रमाने लिहायच्या. कंसाच्या आत दुसरी, छोटी यादी असते आणि तिचा क्रम स्वतंत्र चालतो. बाहेरच्या यादीत गहू दुसऱ्या जागी दिसला म्हणजे तो साखरेपेक्षा जास्त आहे असे म्हणता येत नाही, तो कंसातला दुसरा असू शकतो. कंस काढून सगळी नावे एका ओळीत लिहिली की हा फरक पुसला जातो.

आता त्याच डब्याची नोंद, आज वहीत आहे तशी. इंग्रजी शब्द आम्ही देवनागरीत उतरवतो, भाषांतर करत नाही, म्हणजे दुकानात उभे राहून वही आणि डबा शब्दाला शब्द लावून पाहता येतो.

घटक: सीरियल एक्स्ट्रॅक्ट (५२%) [मॉल्टेड बार्ली (२८%), व्हीट फ्लोअर (२४%)], शुगर, मिल्क सॉलिड्स (१२%), कोको सॉलिड्स (४.५%), माल्टोडेक्स्ट्रिन, मिनरल्स, इमल्सिफायर [आयएनएस ३२२], व्हिटॅमिन्स, सॉल्ट.

समोरच्या पानावर आमची टीप अशी आहे. कंसातले २८ आणि २४ मिळून ५२ होतात. बाहेरचा आकडाही ५२ आहे. म्हणजे आतले टक्के संपूर्ण पावडरीचे आहेत, फक्त धान्याच्या अर्काचे नाहीत. शंभर ग्रॅम पावडरीत २८ ग्रॅमचा वाटा जवाचा आणि २४ ग्रॅमचा गव्हाचा, अर्ध्याहून जास्त डबा ग्लुटेनच्या धान्यांचा. ज्या वहीत ‘गहू नव्हता’ तिथली ही खरी गोष्ट.

यानंतर साखरेकडे पाहा. तिच्यापुढे टक्का नाही. हे छपाई चुकल्यामुळे झालेले नाही. नियमानुसार टक्का प्रत्येक घटकाला लिहावा लागत नाही. ज्या घटकाचे नाव किंवा चित्र वेष्टनावर ठळक दाखवून त्याचा तोरा मिरवला आहे, किंवा ज्यावरून तो पदार्थ ओळखला जातो, त्याचाच टक्का देणे बंधनकारक आहे. डब्यावर धान्याच्या ओंब्या आहेत, दुधाची धार आहे, कोकोच्या बिया आहेत. साखरेचे चित्र कोण छापणार? म्हणून टक्के कुठे आहेत यावरून कंपनीला आपण काय पाहावे असे वाटते ते कळते, आणि कुठे नाहीत तिथे आपण स्वतः पाहायचे असते.

टक्का नसला तरी अंदाज बांधता येतो, अट एवढीच की यादी जशीच्या तशी हातात हवी. साखर ५२ टक्क्यांच्या खाली आणि दुधाच्या १२ टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे ती किमान १२ टक्के. जास्तीत जास्त किती? शंभरातून ५२, १२ आणि ४.५ वजा केले की ३१.५ उरतात. त्यात साखरेखेरीज माल्टोडेक्स्ट्रिन आणि इतर बारीक गोष्टीही बसवायच्या आहेत, तेव्हा साखर ३१.५ पेक्षा कमीच. आता डब्याच्या दुसऱ्या बाजूचा पोषणाचा तक्ता वाचला. त्यात शंभर ग्रॅममागे वरून घातलेली साखर २४ ग्रॅम अशी ओळ आहे. १२ आणि ३१.५ यांच्या मधला आकडा, म्हणजे यादी आणि तक्ता एकमेकांशी जुळतात. अशी ताडणी करता आली की आपली नक्कल बरोबर आहे याचीही खात्री होते.

या डब्यावर ‘१२%’ दोनदा छापले आहे आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे, याकडे आमच्या गटातल्या मुलींनीच लक्ष वेधले. यादीतले १२% म्हणजे शंभर ग्रॅम पावडरीत बारा ग्रॅम दुधाचे घनपदार्थ. तक्त्यातले १२% साखरेच्या ओळीत आहे आणि ते एका वेळच्या मापाचे आहे. एका वेळचे माप २५ ग्रॅम, त्यात साखर सहा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या २,००० किलोकॅलरी आहारासाठी नियमात वरून घातलेल्या साखरेचा आधार ५० ग्रॅम धरला आहे. पन्नासातले सहा म्हणजे १२ टक्के. सहा वर्षांच्या मुलाचा आहार एवढा नसतो, म्हणून त्याच्यासाठी हाच वाटा बाराहून मोठा ठरतो. आणि दोन वेळा पेय घेतले, प्रत्येक पेल्यात आईने एक चमचा साखर वरून टाकली, तर हिशेब तक्त्याबाहेर जातो. वहीत नुसते ‘१२%’ लिहिले असते तर कोणाला काय कळले असते? म्हणून टक्का कोणत्या शब्दाला चिकटला आहे, कोणत्या कंसात आहे आणि यादीत आहे की तक्त्यात, हे तीनही सोबत उतरवायचे.

कंसातल्या टक्क्यांचा खरा घोटाळा वेगळाच आहे. आतला टक्का कशाचा, संपूर्ण पदार्थाचा की त्या कंसाबाहेरच्या घटकाचा, हे पुष्कळ पाकिटांवर लिहिलेले नसते. आमच्या डब्यावर बेरीज जुळली म्हणून कळले. पण आमच्या वहीत नूडल्सच्या ७० ग्रॅमच्या एका पाकिटाची नोंद आहे, तिथे मसाल्याची ओळ अशी होती: मसाला मिक्स (९%) [मिक्स्ड स्पायसेस, सॉल्ट, शुगर, टोमॅटो पावडर (६%), ...]. पाकिटाच्या पुढे लाल टोमॅटोचे चित्र. सहा टक्के संपूर्ण पाकिटाचे धरले तर ७० ग्रॅममध्ये टोमॅटोची पूड ४.२ ग्रॅम येते. मसाल्याचे धरले तर मसालाच ६.३ ग्रॅम, त्याचे सहा टक्के म्हणजे अर्धा ग्रॅमही नाही.

कोणता अर्थ खरा? इथे क्रम मदतीला येतो. टोमॅटो पावडर कंसात चौथी आहे. तिच्या आधीची तीन नावे तिच्यापेक्षा जास्त किंवा तिच्याइतकी असली पाहिजेत. ती संपूर्ण पाकिटाच्या सहा टक्के असती, तर चौघांची बेरीज किमान चोवीस टक्के झाली असती, आणि सगळा मसाला तर नऊच टक्के आहे. म्हणजे सहा टक्के मसाल्याचेच. चित्रातला टोमॅटो पाकिटात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी आहे. हे आम्ही काढू शकलो, कारण वहीत शब्दांचा क्रम, चौकोनी कंसाची सुरुवात आणि टक्क्याची जागा जशीच्या तशी होती. कोणी ‘टोमॅटो ६%’ एवढेच लिहिले असते, तर आम्हीच लोकांना सांगितले असते की यात टोमॅटो बरा आहे.

कंस जिथे असायला हवा असे वाटते तिथे तो नसणे, हेही वाचायला शिकले पाहिजे. एखादा बनवलेला घटक संपूर्ण पदार्थाच्या पाच टक्क्यांहून कमी असेल, तर त्याच्या आतल्या वस्तू उघड करण्याचे बंधन नाही. तयार पदार्थात काम करणारी रसायने तेवढी सांगावी लागतात. म्हणून ‘चॉको चिप्स (४%)’ पुढे कंस नसला, तर त्यात फक्त चॉकलेट आहे असे समजू नये. साखर, वनस्पती चरबी, दूध काहीही आत असू शकते. अशा ठिकाणी आपला आधार म्हणजे यादीखालची अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची ओळ. ग्लुटेनची धान्ये, दूध, अंडे, मासे, कवचाचे जलचर, शेंगदाणे, बदाम-काजूसारखा सुकामेवा, सोयाबीन, आणि ठराविक प्रमाणापुढे सल्फाइट, हे असतील तर ‘कंटेन्स’ म्हणून वेगळे सांगावे लागते. आमच्या वहीत ही ओळ आता लाल शाईने, यादीच्या लगेच खाली येते. ती नसेल तर नोंद अपुरी समजतो.

आता गोल डब्यावरून आणि फुगीर पाकिटावरून हे उतरवायचे कसे, ते सांगतो, कारण निम्म्या चुका तिथेच होतात.

गोल डब्यावर ओळ वळणाआड जाते. डबा फिरवत वाचताना नजर परत डावीकडे येते तेव्हा हमखास एक ओळ वर किंवा खाली घसरते, आणि एक संपूर्ण ओळ गळते किंवा दोनदा येते. आमच्या शिक्षिकाबाईंनी साधा उपाय काढला. डब्याला रबरबँड लावायचा आणि वाचायच्या ओळीच्या बरोबर खाली सरकवायचा. ओळ संपली की रबरबँड एक ओळ खाली. यादी जिथे सुरू होते तिथे टिकलीएवढा कागद चिकटवायचा, म्हणजे डबा पूर्ण फिरला की कळते.

फोनने फोटो काढायचा असेल तर डब्याच्या अगदी जवळ जाऊ नये. जवळून काढलेल्या फोटोत मधले शब्द फुगतात आणि कडेचे चिरडून एकमेकांत जातात. हातभर लांबून, थोडे झूम करून काढावा. यादीचे एकाच फोटोत सगळे बसवू नये. डबा थोडा थोडा फिरवत तीन-चार फोटो घ्यावेत आणि प्रत्येकात आधीच्या फोटोतले शेवटचे दोन-तीन शब्द पुन्हा यावेत, म्हणजे सांधा जुळवता येतो. चकचकीत वेष्टनावर दिवा समोरून पडला की पांढरा डाग येतो आणि नेमका एखादा आकडा त्यात जातो. खिडकीचा उजेड बाजूने घ्यावा. हवा भरलेल्या पाकिटाची हवा एका टोकाला दाबून यादीचा भाग सपाट करावा. पाकिटाच्या मागच्या उभ्या शिवणीखाली अक्षरे दुमडलेली असतात, ती शिवण बोटाने उलटून पाहावी. पाकीट रिकामे झाल्यावर ते कापून, पुसून, पाटावर ताणून पुन्हा एकदा ताडले तर उत्तमच.

नक्कल झाल्यावर आम्ही तीन तपासण्या करतो. पहिली कंसांची. उघडलेले किती आणि मिटलेले किती, हे मोजायचे. गोल कंस गोलानेच मिटला पाहिजे आणि चौकोनी चौकोनीनेच. एक कमी पडला तर कुठेतरी घटक चुकीच्या घरात गेला आहे. दुसरी टक्क्यांची. बाहेरच्या यादीत टक्के उतरत जायला हवेत. एकदा आमच्या मुलींनी कोकोसमोर ४५% लिहिले. आधीचे दूध १२ आणि नंतरचा कोको ४५, हे शक्यच नाही. दशांश चिन्ह वळणावर पुसट झाले होते, आकडा ४.५ होता. बारीक छपाईत टक्क्याची खूणही फसवते, तिची दोन शून्ये आकड्याला चिकटून वाचली जातात. तिसरी तपासणी दुसऱ्या माणसाची. एकाने वहीतून मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने डब्यावर बोट ठेवून पाहायचे, कंससुद्धा तोंडाने म्हणायचे: “चौकोनी सुरू, मॉल्टेड बार्ली, गोलात अठ्ठावीस टक्के.” ऐकायला हसू येते, पण मुलाच्या आतड्याचा प्रश्न असेल तर हसू आवरते.

जे अक्षर वाचता आले नाही तिथे अंदाज लिहायचा नाही. रिकामी चौकट काढून ‘वाचता येत नाही’ असे लिहायचे. ‘इमल्सिफायर आयएनएस ३२_’ इथे शेवटचा आकडा अंदाजाने २ टाकणे सोपे असते, कारण ३२२ म्हणजे लेसिथिन हे आम्हाला पाठ झाले आहे. पण मनातले पाठांतर पाकिटावर छापू नये. आणि प्रत्येक नोंदीसमोर पाकिटाचे वजन, उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक लिहायचा. एकाच नावाच्या पाकिटाची यादी कारखाना बदलला, कृती बदलली की बदलते. जुनी नोंद नव्या डब्याला लावणे ही दुसरी चूक आम्हाला करायची नाही.

हे सगळे वस्तीने करायचे आणि छापणाऱ्याने काहीच नाही, असे मात्र आम्हाला मान्य नाही. आजच्या नियमाने यादी इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की पुरते. मराठी छापायला मनाई नाही, पण सक्तीही नाही, आणि म्हणून ती बहुतेक पाकिटांवर नसते. जाहिरात मात्र अस्सल मराठीत येते. ज्या भाषेत माल विकता त्या भाषेत त्यातला माल काय हेही सांगा, ही मागणी अवास्तव नाही. दुसरी मागणी कंसातल्या टक्क्याची. तो कशाचा आहे हे लिहायला चार शब्द लागतात: ‘संपूर्ण पदार्थाच्या’ किंवा ‘मसाला मिश्रणाच्या’. तेवढ्यासाठी सामान्य माणसाला बेरीज-वजाबाकी करायला लावू नये. तिसरी मागणी जागेची. डब्यावर चित्रासाठी समोरची सपाट, मोठी बाजू आणि यादीसाठी वळणाआडची पट्टी, ही वाटणी बदलली पाहिजे. यादी एका नजरेत, डबा न फिरवता दिसेल अशी छापता येते.

आणि सर्वांत लहान पाकिटांचे काय? वेष्टनाचे पृष्ठफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल, तर त्यावर घटकांची यादी छापण्यापासून सूट आहे, ती माहिती बाहेरच्या मोठ्या वेष्टनावर दिली की पुरते. सात सेंटिमीटर लांब आणि सात रुंद पुडी घ्या. दोन्ही बाजू मिळून ९८ चौरस सेंटिमीटर होतात. मोठे वेष्टन दुकानदार फोडून फेकतो आणि सुटी पुडी मुलाच्या हातात येते. आपल्या वस्तीत मुले नेमक्या याच पुड्या घेतात, कारण खिशात तेवढेच पैसे असतात. ज्याला मोठा डबा परवडतो त्याला यादी मिळते, ज्याला पुडी परवडते त्याला मिळत नाही. आम्ही आता किराणा दुकानदारांना सांगून ठेवले आहे की बाहेरचे वेष्टन फेकू नका, आम्हाला द्या. तीन दुकानदार देतात. पुड्यांच्या नोंदी त्यावरूनच होतात.

त्या आईने नंतर स्वतःच एक काम अंगावर घेतले. तिला इंग्रजी येत नाही, पण ‘व्हीट’, ‘बार्ली’, ‘मॉल्ट’, ‘राय’ आणि ‘ग्लुटेन’ हे पाच शब्द तिने इंग्रजी अक्षरांच्या आकारावरून ओळखायला शिकून घेतले. गेल्या रविवारी एका बिस्किटाच्या पुड्याची नोंद तपासताना ती डब्यावर बोट ठेवून ऐकत होती. वाचणारी मुलगी एका ठिकाणी पुढे गेली, तेव्हा तिने थांबवले. “इथे अजून एक कंस आहे,” ती म्हणाली, “आणि त्यात माझा शब्द आहे.” आतल्या कंसातला मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट आमच्याकडून सुटत होता. नोंद पुन्हा लिहिली.